चमचा काढला तो दिवस

कागलच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात शेतीपंपाची डिझेल इंजिनं बनायची. डिझाइन विभागात आम्ही दोघंच: विभागप्रमुख सर आणि मी. सर शिस्तीचे, मी तोंडाळ. तरी आमचं जमायचं.

आमच्या जुन्या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या खाली एक चमचा असायचा. शाफ्ट फिरला की तो खालच्या टाकीतलं तेल उडवायचा आणि त्या उडालेल्या तेलावर बेअरिंगं चालायची. इंजिन नदीकाठी जरा कलतं बसलं किंवा तेल कमी झालं, की चमचा तेलापर्यंत पोचायचाच नाही. मग बेअरिंग जळायचं आणि शिव्या आम्हाला. मी नव्या मॉडेलमध्ये तेलाचा पंप बसवला होता, पण मालकांच्या आग्रहानं चमचाही तसाच ठेवावा लागला होता. वर्षभर त्यावर घासले होते. मालकांचं मात्र म्हणणं सरळ होतं. "डीलरांना पटलं तर करू. न्हाय पटलं तर जुनंच बरं हाय की. मॅडम, इंजिनाचं पोट उघडून दावा त्यास्नी."

कॉम्प्युटरवर अख्ख्या इंजिनाची असेंब्ली, म्हणजे सगळे भाग जोडून केलेलं मॉडेल, तयार होतीच. सुटे भाग तसेच अखंड ठेवून मी असेंब्लीवरच एक काप घेतला, आरपार. ब्लॉक, पिस्टन, रॉड, शाफ्ट, बोल्ट, सगळं अर्धं. मालक मागून डोकावले. "हे कलिंगड कापल्यागत दिसतंय. ह्यातलं फिरतंय काय आणि बसलंय काय?"

खोटं नव्हतं ते. दुसऱ्या दिवशी मी फक्त पुढचा चतकोर काढला आणि कापातून पिस्टन, रॉड, शाफ्ट, पिन, बोल्ट वगळले. आता ब्लॉकची भिंत आणि पाण्याची पोकळी कापलेली, आत फिरणारे भाग अखंड. कापलेल्या कडांना तांबडा रंग दिला, आयटीआयमधल्या कापलेल्या इंजिनाला देतात तसा. तेलाच्या भोकांच्या भिंती पिवळ्या केल्या. सर खूश झाले. त्यांच्या हातून निघालेल्या ड्रॉइंगमध्ये शाफ्ट कधीच कापलेला नसे. तसा नियमच आहे.

मीच खूश नव्हते. पिवळी वाट पंपापासून निघून शाफ्टच्या मुख्य बेअरिंगपर्यंत यायची आणि तिथं गडप व्हायची. पुढचं तेल शाफ्टच्या पोटातल्या तिरक्या भोकातून क्रँकपिनला, म्हणजे रॉडचं खालचं टोक जिच्यावर बसतं त्या पिनला जातं, आणि जे बेअरिंग जळायचं ते नेमकं त्या पिनवरचं. जी गोष्ट दाखवायची तीच झाकलेली. हे म्हणजे पाहुण्यांना नवरी दाखवायला बोलवायचं आणि तिला माजघरात बसवून ठेवायचं.

"सर, मी शाफ्ट कापणार."

"शाफ्ट कापत नसतात, अगं. पहिल्या वर्षाला शिकवतात हे."

"ड्रॉइंग वाचणाऱ्यांसाठी असंल. हे डीलर हायत."

चिडले की माझी भाषा अशी गावाकडं वळते. सर आपल्या ड्रॉइंगकडं वळले, तो मी होकार धरला. पिस्टन सगळ्यात वर आणून ठेवला, तेव्हा शाफ्टमधलं ते तिरकं भोक बरोबर कापाच्या पातळीत आलं. मग तेवढ्याच जागी, पिन आणि रॉडच्या मोठ्या टोकासकट, एक छोटा काप घेतला. बाकीचा शाफ्ट अखंड. कॉम्प्युटर प्रत्येक बदलाला अडून बसायचा. चहा पिऊन यावं तरी पडदा तसाच. पण शेवटी पिवळी रेघ पंपापासून पिनपर्यंत सलग दिसली आणि मी एकटीच टाळी वाजवली.

डीलरांची बैठक कँटीनमध्ये भरली. प्रोजेक्टरवर आधी बाहेरून पूर्ण इंजिन दाखवलं, मग पुढचा चतकोर नाहीसा केला. खुर्च्या पुढे सरकल्या. निपाणीचे एक वयस्कर डीलर उठून पडद्यापाशीच गेले. पंपावर बोट ठेवून ते रेघेवरून सरकवत निघाले: ब्लॉक, मुख्य बेअरिंग, शाफ्ट, तिरकं भोक, पिन. तिथं बोट थांबलं.

"अक्का, तेल पंपच पोचवतोय न्हवं हितंवर?"

"व्हय, काका. इंजिन थोडं कलतं असलं तरी."

ते मालकांकडं वळले. "मग तो चमचा कशाला ठिवलाय अजून?"

कँटीनमध्ये हशा पिकला. वर्षभर मी जे घसा कोरडा करून सांगत होते ते त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं. मालक म्हणाले, "काढला." मला इतका अभिमान वाटला की तो लपवायचं भानही राहिलं नाही, मी सगळ्यांसमोर दात काढून हसत उभी होते.

सर जवळ आले आणि पडद्याकडं बघतच म्हणाले, "शाफ्ट कापलास तो बरोबर जागी कापलास."

संध्याकाळी स्टोअरमधून एक जुना चमचा मागून घेतला. तो अजून माझ्या टेबलावर असतो. कागद दाबून ठेवायला चांगला आहे.