‘सर्व्हर बंद आहे’ या वाक्यामागे

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, मी आधी डिस्पॅचला, माल रवाना करायच्या कामावर होतो. आकड्यांची आवड बघून मालकांनी मला हळूहळू संगणकाच्या कामावर आणलं. दिवसपाळी, सहाला सुट्टी. वडिलांना पक्षाघात झाल्यापासून ती सहाची सुट्टी माझ्यासाठी पगाराइतकीच महत्त्वाची झाली होती. पत्नीची शिकवणी संध्याकाळची असते. त्या वेळात वडिलांना उभं करून खोलीत चालवायला घरात मीच असतो.

आमच्या लॅबमध्ये प्रत्येक लॉटच्या नमुन्याची रासायनिक तपासणी होते. त्याचे आकडे सर्व्हरवरच्या एका प्रोग्रॅमकडे जातात आणि तिथून चाचणी प्रमाणपत्र छापून येतं. प्रमाणपत्राशिवाय माल गेटबाहेर जात नाही. सर्व्हरचा जुना संगणक डिस्कच्या तक्रारी करू लागला, तेव्हा सगळं नव्या संगणकावर हलवायचं ठरलं. मालकांनी ते माझ्यावर सोपवलं आणि सरळ सांगितलं, की हे जमलं नाही तर संगणकाचं काम बाहेरच्या कंपनीला देणार आणि मी परत डिस्पॅचला जाणार, पाळ्यांमध्ये. त्यांची त्यात चूक नव्हती. मालाच्या गाड्या थांबवून कारखाना चालत नाही.

रविवारी मी प्रोग्रॅम हलवला, नव्या संगणकासमोरच बसून चालवून पाहिला, प्रोग्रॅमचं मुख्य पान उघडलं आणि समाधानानं घरी गेलो. सोमवारी सकाळी लॅबमधून फोन आला. पडद्यावर ‘सर्व्हर बंद आहे, आयटीला कळवा’ असं येत होतं.

हे वाक्य मीच लिहून दिलं होतं. लॅबमधल्या लोकांना चुकांचे इंग्रजी संदेश समजत नाहीत, उगाच घाबरतात, म्हणून कोणतीही अडचण आली तरी हे एकच मराठी वाक्य दिसावं अशी सोय आम्ही केली होती. सोय सगळ्यांना आवडली होती. सगळे जण ते वाक्य वाचायचे, मला फोन करायचे आणि मी सर्व्हर बंद करून चालू करायचो.

त्या सोमवारीही मी दोनदा तेच केलं. काही फरक पडला नाही. वर्क्स मॅनेजर साहेब येऊन माझ्या टेबलाशी उभे राहिले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सुरू झालं नाही तर जुना संगणक परत लावायचा आणि मालकांना तसं कळवायचं, असं ते म्हणाले. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्तच टोचलं.

आमचं नेटवर्क आणि त्यावर पहारा ठेवणारा फायरवॉल बघणाऱ्या मॅडम हुपरीच्या. एमआयडीसीतल्या बऱ्याच कारखान्यांचं काम त्यांच्याकडे आहे. मी त्यांना फोन केला आणि म्हणालो, सर्व्हर लागत नाही.

“दादा, लागत न्हाय हे मला सांगू नका की. लागत न्हाय ते कसं लागत न्हाय ते सांगा. तुमचं ते गोड मराठी वाक्य बाजूला ठेवा आणि स्वतः जोडून बघा.”

त्यांनी सांगितल्याप्रमाणे माझ्या संगणकावर आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडली आणि सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट, म्हणजे त्यावरच्या प्रोग्रॅमच्या दाराचा क्रमांक, देऊन आज्ञा चालवली. काहीच झालं नाही. कर्सर लुकलुकत राहिला. वीस-एक सेकंदांनी ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ आलं. म्हणजे उत्तरच आलं नाही, त्या म्हणाल्या. हाक पोचली नाही किंवा उत्तर परत येऊ दिलं नाही. यंत्रच बंद असलं तरी असंच होतं, पण तुमचं तर चालू आहे, मग वाट तपासू. दुसऱ्या कारखान्यात बसूनच त्यांनी लॅपटॉपवर आमच्या फायरवॉलची नोंद पाहिली. तिथं आमच्या हाका एकामागून एक गुपचूप टाकून दिलेल्या दिसत होत्या. हाका कुठं जाऊ द्यायच्या त्या नियमात पत्ता जुन्या संगणकाचा होता. नव्याचा घालायचा राहिला होता. त्यांनी तो घातला.

मी लॅबला पुन्हा करून बघायला सांगितलं. पडद्यावर तेच वाक्य. साहेब म्हणाले, “अजून तेच हाय की.”

मी माझ्या खिडकीत पाहिलं. तिथं तेच नव्हतं. या वेळी दोनेक सेकंदांतच उत्तर आलं, ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. मी ते फोनवर वाचून दाखवलं तेव्हा मॅडम खूश झाल्या.

“झालं, सापडलं घर. मघाशी कोण बोलतच न्हवतं, आता दारातनं सांगितलं, हितं कोण बसलेलं न्हाय. काही फायरवॉलपण असा नकार देतात, पण आपला देत न्हाय. म्हणजे हे तुमच्या यंत्रानंच सांगितलंय. आता प्रोग्रॅम कुठं बसलाय ते बघा.”

मी म्हणालो, प्रोग्रॅम चालू आहे, काल मी स्वतः पाहिलाय. त्या म्हणाल्या, काल कुठून पाहिला? तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी त्याच संगणकावर बसून पाहिला होता. सर्व्हरवर जाऊन बघितलं तर प्रोग्रॅम फक्त त्या संगणकाच्या स्वतःशीच बोलायच्या पत्त्यावर ऐकत होता. आतून विचारलं की उत्तर, बाहेरून विचारलं की नकार. सेटिंग बदललं, प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला.

लॅबच्या पडद्यावर परत तेच वाक्य आलं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि फोन काढला. त्यांना तीन वेळा एकच अपयश दिसलं होतं आणि तसं दिसायची व्यवस्था माझीच होती. मी त्यांना खुर्ची दिली आणि माझा पडदा त्यांच्याकडे वळवला. म्हणालो, आधी उत्तरच येत नव्हतं, मग नकार आला, आता बघा. साधी जोडणी लगेच लागली. पण लॅबचे आकडे पाठवले की मध्येच ‘कनेक्शन रिसेट’.

“म्हणजे हात मिळवला आणि झटकला,” साहेब म्हणाले.

फोनवरून मॅडम हसल्या. म्हणाल्या, साहेबांना कळलं. आता वाटेत कुणी तोडतंय की प्रोग्रॅमच मरतोय ते बघा, त्याची नोंद वाचा. नोंदीत स्वच्छ लिहिलं होतं. आकडे निम्मेच वाचून झाल्यावर प्रोग्रॅम प्रमाणपत्राचा साचा शोधत होता, तो न सापडल्यानं कोसळत होता आणि न वाचलेले आकडे तसेच राहिल्यानं जोडणी झटक्यानं तुटत होती. साच्याचा फोल्डर जुन्या संगणकावरच राहिला होता. साहेबांनी फोन खिशात ठेवला आणि ते जुन्या संगणकापाशी माझ्याबरोबर आले. फोल्डर आणला, जागेवर ठेवला. लॅबला फोन लावून पुन्हा करायला सांगितलं आणि तिथल्या प्रिंटरनं कागद ओढल्याचा आवाज मला फोनमधून ऐकू आला.

मॅडमना परत फोन करून आभार मानायला लागलो तर त्यांनी मध्येच तोडलं. “आभार राहू द्यात. ते वाक्य आधी बदला, दादा. न्हाईतर पुढच्या खेपेला परत ‘लागत न्हाय’ म्हणून फोन कराल.”

दुपारी ते बदललं. मराठीच ठेवलं, पण आता तीन वाक्यं आहेत: ‘उत्तर येत नाही’, ‘नकार आला’, ‘मध्येच तुटलं’. लॅबचे लोक फोनवर यातलं नेमकं कोणतं ते सांगतात.

साहेबांनी मालकांना काय सांगितलं ते मी विचारलं नाही. पाळ्यांचा विषय मात्र परत निघाला नाही. त्या संध्याकाळी सहाला निघालो. घरी वडील पलंगाच्या कडेला पाय सोडून बसले होते. उशीर झाला का, असं त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं. नाही म्हणालो आणि त्यांचा हात खांद्यावर घेतला.