पंख्यावरचा चिकटा

माझे मिस्टर बोटीवरची नोकरी संपवून कायमचे घरी आले. पहिल्याच आठवड्यात एका दुपारी ते स्वयंपाकघरात जेवत असताना डोक्यावरच्या पंख्यावरून एक काळा, मऊ गोळा सुटला आणि थेट त्यांच्या सोलकढीच्या वाटीत पडला. गुलाबी कढीवर तो तसाच तरंगत राहिला.

त्यांनी आधी वाटीकडे पाहिलं, मग वर.

"हा पंखा कधी पुसला होता?"

साधाच प्रश्न होता, पण मला झोंबला. आमचं घर रत्नागिरीत, बंदराच्या बाजूला. सगळं आयुष्य हे इंजिनरूममध्ये आणि मी या स्वयंपाकघरात. सुट्टीवर यायचे तेव्हा मीच त्यांना पाहुण्यासारखं वागवायचे, ताटावरून उठू द्यायचे नाही. ते परत गेले की माझे डबे पुन्हा सुरू. कचेरीतल्या लोकांना सुरमई, बांगडा, कोलंबी तळून द्यायची. पंखा मी दर दसऱ्याच्या आधी पुसायचे. अलीकडे गुडघा स्टुलावर चढू देत नव्हता, म्हणून राहून गेलं होतं.

"घट बसायच्या आत पुसणारच होते," मी म्हटलं. "तुम्हाला घाई असेल तर रविवारी काढू."

"काढू," ते म्हणाले आणि वाटी बाजूला सारून आमटीभात संपवला.

रविवारी डबे नसतात. मी चहा गाळत होते तेवढ्यात हे मिरकरवाड्याच्या मच्छीमार बंदरावरून परत आले. हातात बाटली, तिच्यात डिझेल. मच्छीमार बोट चालवणाऱ्या कुणा ओळखीच्या तांडेलाकडून मागून आणलेलं.

"इंजिनचा चिकटा यानेच जातो. चिंधी बुडवायची, फिरवायची, झालं."

"माझ्या स्वयंपाकघरात डिझेल येणार नाही," मी म्हटलं. "इथे गॅस आहे. आणि उद्या सुरमईला डिझेलचा वास मारला तर डबे घेईल का कुणी?"

त्यांनी वाद घातला नाही. बाटली मागच्या पडवीत ठेवून आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. "मग सांग. काय करू?"

इतक्या वर्षांत या घरात त्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं. मीही मग भीड ठेवली नाही. आधी मेन स्विच बंद करायला लावला. शेगडी झाकली, खाली जुनी चादर अंथरली, स्टूल धरून उभी राहिले आणि त्यांच्या हातात एक उशीचा अभ्रा दिला.

"हा कशाला?"

"पात्याला घाला. उशीला घालतो तसाच. आणि वरून दाबून अलगद ओढत बाहेर काढा. सुटी धूळ सगळी आतच राहते. आधीच ओलं फडकं लावलंत तर चिखल होईल."

अभ्रा बाहेर आला तेव्हा त्याच्या पोटात गोळेच्या गोळे होते, राखाडी, केसाळ. पण पात्यावर जो राहिला तो खरा चिकटा. तपकिरी, अर्धवट वाळलेल्या व्हार्निशसारखा. बोट लावलं तर बोट धरून ठेवणारा. तळणीची वाफ वर जाते, पात्यावर बसते, तिच्यावर धूळ बसते, धुळीवर पुन्हा वाफ. आमच्याकडची दमट हवा त्याला नीट वाळूही देत नाही.

मी कढत पाण्यात भांड्यांचा साबण आणि थोडा खायचा सोडा घातला. "धुण्याचा सोडा घेतला तर पटकन निघेल ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पाती अॅल्युमिनियमची आहेत, रंग उडालाय तिथे काळी पडतील." फडकं बुडवून घट्ट पिळायचं, पात्यावर पोटिसासारखं ठेवायचं आणि थांबायचं. मोटरीच्या अंगाला थेंबही जाऊ द्यायचा नाही. हे थांबणंच त्यांना जड जात होतं. मध्येच जोर लावून घासायला लागले.

"खालून हात द्या पात्याला! जहाजाचा पंखा नव्हे तो, वाकेल."

"बरं बरं."

पाती हळूहळू पांढरी झाली. माझी छाती जरा फुगली. मग स्टूल भिंतीवरच्या कपाटांपाशी सरकवलं. हे वर चढले, कपाटांच्या माथ्यावर नजर गेली आणि तिथेच थबकले.

"काय झालं?"

"अगं, इंजिनरूममध्येसुद्धा एवढा थर कधी बघितला नाही मी."

"तुम्ही नव्हतात तेव्हाचं सगळं तळण आहे ते," मी म्हटलं. मी ते चेष्टेत म्हटलं होतं. त्यांनी थरावर बोट फिरवलं आणि कितीतरी वेळ त्या बोटाकडे पाहत राहिले.

तिथे माझा साबण हरला. ओलं फडकं ठेवलं, पुन्हा ठेवलं, सोड्याचा लेप दिला. वरची काळी साय निघाली, खालचा पिवळा थर सनमायकाला धरूनच बसला. पाणी जास्त वापरावं तर कपाटाचं प्लायवूड फुगणार. मी सुरी आणायला वळले.

"सुरी नको, चरे पडतील," ते म्हणाले. "खोबरेल दे."

"तेलावर तेल?"

"जुनं तेल नव्या तेलात सुटतं. डिझेलने तरी दुसरं काय होतं? तू डिझेल नको म्हणालीस, मग खोबरेल दे."

मी बाटली दिली. त्यांनी चिंधीने तेल चोळलं आणि या वेळी न सांगता थांबले. मग मुदत संपलेलं एटीएम कार्ड तिरकं धरून ढकललं, तसा तो थर गुंडाळ्या होत होत निघू लागला. मागाहून साबणाचं फडकं, मग साध्या पाण्याचं, मग कोरडं. सनमायकाचा मूळचा बदामी रंग दिसला. तो मी विसरूनच गेले होते.

"हे मला ठाऊक नव्हतं," मी म्हटलं. त्यांनी नुसती मान डोलावली, पण कान लाल झाले होते.

संध्याकाळी मेन चालू करून पंखा लावला. आणि तो लटलट हलायला लागला, टकटक आवाजासकट.

"झालं!" मी म्हटलं. "दाबलंतच शेवटी."

ते जराही गडबडले नाहीत. पंखा बंद केला, मेन पुन्हा पाडला. खराट्याचा एक हीर घेऊन स्टुलावर चढले. छतापासून पात्याच्या टोकापर्यंत हीर धरला, तिथे नखाने खूण केली, मग हाताने पंखा फिरवून दुसरं पातं त्याच जागी आणलं, मग तिसरं. एक पातं खुणेच्या खाली उतरलं होतं. त्याला मुळाशी धरून त्यांनी अगदी हलकेच वर उचलून घेतलं, पुन्हा मापलं, स्क्रू आवळले.

"लाव आता."

पंखा फिरला. ना आवाज, ना हेलकावा. हे स्टुलाशेजारी उभे राहून वर बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते घरी आल्यापासून मी प्रथमच पाहिलं. या घरात काय करायचं हे त्या माणसाला आठवडाभर कळत नव्हतं, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

मी कपाटांच्या माथ्यावर वर्तमानपत्रं अंथरायला सांगितली, म्हणजे पुढच्या वेळी कागद उचलला की काम संपलं. त्यांनी ती कडेला कडा जुळवून अंथरली. खाली उतरून हात धुतले आणि विचारलं, "उद्या मासे काय?"

"बांगडे."

सोमवारी सकाळी मी उठले तर हे विळीपुढे बसलेले. बांगड्याच्या पोटाला भलतीकडेच काप दिला होता. मी शेजारी पाट ओढला, त्यांच्या हातातला मासा उलटा केला आणि काप कुठे द्यायचा ते दाखवलं.