कोमट तेलानं लागलेली झोप

माझ्या हाताला गुण आहे असं आमच्या घरात सगळे म्हणत, आणि मलाही ते अगदी खरं वाटे. एरवी मला एका जागी बसवत नाही. हिंगोलीच्या शाळेत मी शिकवते, तिथेही मुलं लिहीत असली तर मी बाकांमधून फेऱ्या मारत असते. पण कुणाचं डोकं माझ्यासमोर आलं आणि तेलाची वाटी हाताशी असली की अर्धा तास मी हलत नाही. मधल्या सुट्टीत शाळेतल्या बाया माझ्याकडून कानशिलं चेपून घेतात. घरी नवरा चेष्टा करतो की नोकरी सोडून हाच धंदा काढ, निदान घरी तरी स्वस्थ बसशील.

हे मी आईकडून उचललं. थंडीत तिळाचं तेल, उन्हाळ्यात खोबरेल. तेल ती कधी चुलीवर तापवायची नाही, गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवायची आणि एक थेंब स्वतःच्या मनगटावर टाकून बघायची. आधी टाळू, मग बोटांच्या पेरांनी हळूहळू मागे, मग कानशिलं, शेवटी मानेचा खळगा. नख लागू द्यायचं नाही. दिवसभर उन्हात काम करून ठणकणारं डोकं, चिंतेनं ताठलेली मान, न येणारी झोप, सुकून खाजणारी कातडी, एवढ्यावर तिचं तेल चाले आणि खरोखर आराम पडे. तिचे नकारही ठरलेले होते. अंगात ताप असला तर नाही, डोक्यात फोड किंवा जखम असली तर नाही, सर्दीनं डोकं जड झालं असेल तर नाही. खूप कोंडा असला तर तेलानं तो वाढतो, हेही ती सांगायची. तान्ह्या लेकराची टाळू दाबू लागलेल्या म्हाताऱ्यांशी ती सरळ भांडायची. टेंगूळ आलं तर मात्र ती स्वतःच तेल चोळायची, तेवढं एक तिचं चुकत होतं, पण ते तेव्हा कुणाला कळत होतं.

आई गेल्यावर तिचं काम आपोआप माझ्याकडे आलं. फेब्रुवारीत एका शुक्रवारी भावजयीचा फोन आला.

"ताई, अण्णांचं डोकं चार दिवस झाले दुखून राहिलं. गोळी घेतली तर तेवढ्यापुरतं थांबते. तुमी येऊन जरा तेल लावून जाता का?"

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. पंचाहत्तरी ओलांडलेली आहे. दोन वर्षांपूर्वी छातीत कळ आली तेव्हापासून रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. गाव कळमनुरी तालुक्यात, हमरस्त्यापासून आत. हळद शिजवायचे दिवस होते, घरातली माणसं दिवसभर शेतात कढईपाशी. शनिवारी सकाळची शाळा सुटली तशी मी एसटी धरली, आणि खरं सांगायचं तर खुशीत होते. मला बोलावलं होतं ना.

अण्णा ओसरीवर बाजेवर बसले होते. कपाळाला रुमाल करकचून बांधलेला. ताप नाही, सर्दी नाही, डोक्यात फोड नाही, आईची सगळी यादी मी मनात म्हटली आणि वाटी गरम पाण्यात ठेवली. केस विरळ झालेत, तेल लगेच कातडीला लागतं. कानशिलांवर बोटं फिरवली तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मानेशी आले तोवर ते डुलायला लागले होते.

"उतरलं का अण्णा?"

"उतरलं की. तुझ्या हातानं उतरतेच."

ते आडवे झाले आणि घोरायला लागले. भावजय दारातून बघत होती. मी तिच्याकडे असं पाहिलं की जणू ऑपरेशन करून बाहेर आले. तेल लावल्यावर झोप लागली की तेल लागू पडलं, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. म्हणून मग त्या माणसाला कुणी उठवत नाही. आम्हीही उठवलं नाही. संध्याकाळी ते दोन घास खाऊन परत झोपले.

रविवारी सकाळी दहा वाजले तरी उठले नाहीत. भाऊ शेतात निघताना म्हणाला, "झोपू दे. लय दिवसाची झोप बाकी हाय." मलाही तेच वाटलं. उठले तेव्हा चहा हातात धरून नुसते बसले. डोकं कसं आहे विचारलं तर "बराबर हाय" म्हणाले. दुपारी मी पुन्हा तेल लावलं. पहिल्यापेक्षा लवकर झोपले, तोंड उघडं टाकून. मला परत निघायचं होतं, सोमवारची शाळा होती. पिशवी भरली, पुन्हा सोडली, अंगणात गेले, आत आले. काय खुपत होतं ते मला सांगता येत नव्हतं. भावजय म्हणाली, "ताई, बसा की घटकाभर." मी तिच्यावर उगाच खेकसले.

चारच्या सुमाराला अण्णा मोरीकडे निघाले. डाव्या पायातली चप्पल निसटून मागे राहिली. त्यांना ते कळलंच नाही. एक पाय चपलेत, एक उघडा, असे ते मोरीच्या दारापर्यंत गेले. मी चप्पल उचलून नेली तर माझ्याकडे बघून म्हणाले, "कळमनुरी आली का?" ते घरात उभे होते.

दोन घरं सोडून आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर राहतात. मी अनवाणीच त्यांच्याकडे धावले. त्या आल्या, त्यांनी अण्णांना दोन्ही हात समोर धरायला सांगितले. डावा हात हळूहळू खाली आला.

"पडले व्हते का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," आम्ही दोघींनी एकदमच सांगितलं.

"डोक्याला कुठं लागलं? महिन्याभरात?"

भावजयीला आठवेना. फोनवर भावाला विचारलं.  तो म्हणाला की तीनेक आठवड्यांपूर्वी ट्रॉलीखालून हळदीचं पोतं ओढून उठताना अण्णांचं डोकं ट्रॉलीच्या मागच्या लोखंडी फाळक्याला आपटलं होतं. टेंगूळ आलं, दोन दिवसांत गेलं. आम्ही खोटं बोललो नव्हतो. ते पडले नव्हतेच. फाळक्याचा मार हा आमच्याकडे मार म्हणून कुणी धरतच नाही, हंगामात प्रत्येकाच्या डोक्याला तो लागतो.

"रक्त पातळ करायची गोळी चालू हाय, वय एवढं, अन् डोक्याला मार," सिस्टर म्हणाल्या. "आता तेल न्हाई, चहा न्हाई, आजची त्यांची ती गोळी बी देऊ नका. गाडी काढा अन् नांदेड गाठा. म्या फोन करून ठेवते."

मी म्हणाले, "पण झोप लागली होती त्यांना. तेलानं."

"झोप न्हाई ती, ताई."

शेजारच्या जीपमध्ये मी मागे अण्णांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. मांडीवर डोकं, आणि हात लावायची भीती. वारंगा फाट्यावर हळदीच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. भाऊ खाली उतरून एकेकाला बाजूला व्हायला सांगत होता आणि मी इकडे अण्णांना हलवत होते. "अण्णा, माझं नाव सांगा. अण्णा, बैलांची नावं सांगा." ते एक नाव सांगायचे आणि डोळे मिटायचे. काल हेच डोळे मिटले तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता. मला स्वतःची इतकी किळस त्याआधी कधी आली नव्हती.

नांदेडच्या डॉक्टरांनी डोक्याच्या स्कॅनचा फोटो उजेडावर लावून दाखवला. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये उजवीकडे रक्ताचा थर साचला होता. म्हातारपणी मेंदू थोडा आकसतो, त्यांनी समजावलं, त्याच्यावरच्या बारीक शिरा ताणल्या जातात, लहानशा माराने एखादी फाटते आणि रक्त आठवडेच्या आठवडे थेंबथेंब झिरपत राहतं. गोळीमुळे ते थांबत नाही. साचलेलं रक्त मेंदूला दाबतं, मग डोकेदुखी, गुंगी, एका बाजूचे हातपाय लुळे.

"मी तेल लावलं," मी म्हणाले. "दोनदा. चोळून."

"तेलानं रक्त आलेलं नाही," ते म्हणाले. "पण मार लागलेल्या डोक्याची मालिश करायची नसते. आणि मालिशमुळं तुमचा एक अख्खा दिवस गेला, तो महत्त्वाचा होता. म्हाताऱ्या माणसाचं डोकं नव्यानं दुखायला लागलं तर आधी तपासायचं."

कवटीला दोन छिद्रं पाडून रक्त काढलं. तिसऱ्या दिवशी अण्णांनी डावा हात वर करून भावाला शिवी दिली आणि आम्ही सगळे रडलो. दहा दिवसांनी ते गावी आले. अर्धं डोकं भादरलेलं, टाक्यांच्या दोन खुणा. मी रजा वाढवून तिथेच राहिले.

आणि मी त्यांना झोपू देईना. दुपारी त्यांचा डोळा लागला की मी घड्याळ बघत बाजेपाशी बसायची. अर्धा तास झाला की मी खांद्याला हात लावून उठवायची, हात समोर धरायला सांगायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता नेहमीची झोप झोपू द्या, फक्त उठवल्यावर नीट जाग येते का तेवढं बघा. मला ते पटत होतं आणि तरी मी उठवत होते. चौथ्या दिवशी ते चिडले.

"काहून उठवून राहिली सारखी? झोपू दे की माणसाला."

मग मात्र मला राहवलं नाही. मी बाजेच्या कडेला बसले आणि सगळं सांगून टाकलं. की ती झोप तेलाची नव्हती. की मी खूश होऊन बघत बसले. की त्या शनिवारीच विचारपूस केली असती तर एक दिवस वाचला असता, हातही लुळा पडला नसता. "तुमी उतरलं म्हणालात, अन् मला तेच पाहिजे व्हतं. म्या पुढं काही विचारलंच न्हाई."

अण्णा डाव्या हाताची बोटं उघडत, मिटत होते, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम.

"उतरलं नव्हतं," ते म्हणाले.

"काय?"

"तवा बी ठणकतच व्हतं. तू हात लावला का जास्तच ठणकत व्हतं. पण तू शाळा करून, एसटीनं धक्के खात आली. तुला कसं म्हणू, की न्हाई उतरलं?"

 मला रागच आला, त्यांचा आणि माझा, कुणाचा जास्त ते कळेना. मग मी विचारलं, "अन् आधी? इतकी वर्षं?"

"ते खरं व्हतं," अण्णा म्हणाले. ते जरा घाईनंच म्हणाले. मग त्यांनी कूस बदलली, आणि मी त्यांना झोपू दिलं.