खणाच्या कुर्त्याचे अकरा फोटो

पाडव्यानंतरचा मंगळवार. ठरलेली रक्कम सहा हजार, बारा फोटोंची. हजर तिघं: मी, बायको आणि फोटो करून देणारी मुलगी. जागा शाहूपुरीतलं बायकोचं दुकान.

"पैसे आज मिळणार नाहीत," मी बसायच्या आधीच सांगितलं.

बायको खणाचे कुर्ते शिवून घेते आणि ऑनलाइन विकते. मॉडेल बोलावणं परवडत नाही. म्हणून ही मुलगी एआयला कुर्त्याचा एक फोटो आणि एका बाईचा एक फोटो देते, काय करायचं ते खाली लिहिते, आणि त्या बाईनं कुर्ता घातल्याचं चित्र तयार होतं. बायका खऱ्या, बायकोच्या भिशीतल्या तिघी: एक सडपातळ, एक अंगानं भरलेली, एक साठीची. तिघींनी राजीखुशीनं चार-चार फोटो दिले होते.

चित्रं चढवली आणि कुर्ते परत यायला लागले. प्रत्येकावर एकच शेरा, 'फोटोप्रमाणे नाही'. ज्या साइटवर विकतो तिनं कळवलं, अशा तक्रारी थांबल्या नाहीत तर हा कुर्ता काढून टाकू. शिवून झालेले सगळे कुर्ते आमच्या घरी कॉटवर रचलेले होते.

मला मुलीचा संशय होता. दुसऱ्याच कुणाच्या कुर्त्यांची चित्रं आमच्या नावावर खपवत असावी, असं वाटत होतं. चित्रं छापून मोजपट्टी लावली. एकीच्या अंगावर काठ चांगला रुंद, दुसरीच्या बोटभर, तिसरीला काठावर काठ. बटणं कुठं चार, कुठं सहा. खऱ्या कुर्त्याला पाच.

"हा कुर्ता आमचा आहे का?" मी कागद पुढं सरकवले.

"तुमचाच की हो काका! काकूंनीच फोटो पाठवलेला."

"मग माझ्यासमोर करून दाखवा."

तिनं लॅपटॉप उघडला, कुर्त्याचा मूळ फोटो पडद्यावर आणला, आणि बायको माझ्याआधी बोलली, "अवो, ह्यो तर काउंटरवरचा हाय!"

काउंटरवर ती कुर्ता घडी घालून ठेवते. गिऱ्हाइकाला काठ आधी दिसावा म्हणून खालचा काठ वर ओढून गळ्याखाली आणते. दुकानात ते बरोबर आहे. पण फोटोत कुर्त्याचा घेर नव्हता, बाह्या नव्हत्या, खालची दोन बटणं घडीत गेलेली.

"जे दिसलं नाही ते एआयनं मनानं बनवलं," मुलगी म्हणाली. "आणि दर वेळी वेगळं."

"अन् तुम्ही काय लिहिलंत?" मी सोडणार नव्हतो.

तिनं दाखवलं. एका ठिकाणी 'सुंदर काठाचा पारंपरिक कुर्ता', दुसरीकडे 'रुंद जरीकाठ'. साठीच्या बाईची चित्रं तर मूळ फोटोवरून नव्हे, दुसरीच्या तयार चित्रावरून केलेली. तिथली चूक इथं आली, वर नवी भर पडली.

"घडी काकूंची, पण हे तुमचं," मी म्हणालो. तिनं ते मान्य केलं.

पांढरी चादर अंथरून कुर्ता पूर्ण पसरला, बाह्या दोन्ही बाजूंना, आणि पुढून-मागून नवे फोटो काढले. मग एकच मजकूर ठरवला: कुर्ता त्याच्या फोटोंत आहे तसाच घ्यायचा, काठाची रुंदी, पाच बटणं, बाहीची लांबी, रंग बदलायचा नाही, बाईचा चेहरा, अंगयष्टी, उभं राहणं आणि मागची जागा आहे तशी ठेवायची, स्वतःहून काही घालायचं नाही. तोच मजकूर बाराही वेळा, कुर्त्याचे तेच नवे फोटो, बदलायचा फक्त बाईचा.

आता काठ जुळला. तरी मी प्रत्येक चित्र खऱ्या कुर्त्याशेजारी धरून पाहिलं. दोन चुकलीच. एकात भरलेल्या अंगाच्या मैत्रिणीची कंबर बारीक केलेली.

"ही अशी दिसली तर सगळी भिशी हसंल तिला," बायको म्हणाली. "अन् तिच्या मापाची गिऱ्हाइकं आणखी फसतील, त्ये येगळंच."

ते चित्र पुन्हा केल्यावर जमलं. दुसऱ्यातली बाही तीन वेळा करूनही आखूडच येत होती. ते मी बाजूला काढलं.

"बटणं मोजणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघितलं, काका."

"पैसे देणाराही मीच आहे."

अकरा चित्रं चढवली. खाली लिहिलं, 'चित्रं एआयनं केलेली आहेत, मापाचा तक्ता बघूनच मागवा.' मुलीला सांगितलं, महिनाभर बघू, मग पैसे. ती नाराज झाली, पण थांबली. त्या महिन्यात दोन कुर्ते परत आले, दोन्ही मापासाठी. 'फोटोप्रमाणे नाही' एकदाही आलं नाही, कुर्ता साइटवर राहिला, आणि कॉटवर झोपता येऊ लागलं. चित्रांवर माझा अजून विश्वास नाही. नवीन आलं की मोजपट्टी काढतो.

आधी परत आलेल्या कुर्त्यांचा कुरिअर खर्च बायकोनं दुकानातून भरला, कारण घडी तिची. मुलीला अकरा चित्रांचे, पाचशेप्रमाणे, साडेपाच हजार रुपये दिले.