पंधरावा सामना

बाइंडरअण्णांचा जन्म पुस्तकांची पानं मोजण्यात गेला. एक पान कमी भरलं तर बांधलेलं अख्खं पुस्तक उसवणारा माणूस. म्हणून वाचनालयाच्या मागच्या खोलीतल्या कॅरमस्पर्धेचा तक्ता दरवर्षी तेच आखायचे.

त्या वर्षी खेळाडू आठ, बोर्ड दोन, आणि खोली दोनच रविवार, तीन ते सहा. सामन्याला पाऊण तास. म्हणजे दोन्ही दुपारी मिळून आठ फेऱ्या.

खेळाडूंपैकी पोस्टमनचं म्हणणं, हरला तो बाहेर; सात सामने, एका दुपारीत मोकळे. पण तसं केलं तर सुतारमेस्त्रींची पंचाईत. अण्णांचा हा जुना मित्र पहिला सामना हटकून हरायचा आणि मग रंगात यायचा. भिंतीवरच्या विजेत्यांच्या फळीवर वीस वर्षांत त्याचं नाव चढलं नव्हतं. आता तर बोटं थरथरू लागली होती. थरथर वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं तर अठ्ठावीस सामने, चौदा फेऱ्या. ते बसेना. अण्णांनी ठरवलं, दोनदा हरेल तो बाहेर; एकदा हरलेल्यांनी आपसांत खेळायचं आणि त्यांतला उरलेला शेवटी न हरलेल्याशी भिडणार. चौदा सामने, बरोबर आठ फेऱ्या.

"तक्ता आखलात की मेस्त्रींना पाट मांडलात?" पोस्टमननं चिमटा काढला. अण्णा हसले. खोटं नव्हतं ते.

मेस्त्री पहिला सामना हरले. मग पराभूतांच्या वाटेनं एकेक गडी मागे टाकत निघाले. या वाटेला विसावा नव्हता. दुसऱ्या रविवारी ते लागोपाठ चार सामने खेळले. मधल्या वेळात हात काखेत दाबून धरायचे. चौथा सामना अंतिम, आजवर एकही न हरलेल्या पोस्टमनशी. शेवटची सोंगटी जाळीत पडली आणि मेस्त्री जिंकले.

अण्णांनी खडू उचलला. पोस्टमन हळूच म्हणाला, "अण्णा, मी आत्ता पहिल्यांदाच हरलोय. दोघं एकेकदा हरलो. अजून एक सामना लागतो."

अण्णांनी तक्ता पाहिला. खरं होतं. पराभूतांच्या वाटेनं आलेल्यानं अंतिम सामना जिंकला, तर पंधरावा खेळावाच लागतो. पानं मोजणाऱ्यानं नेमकं तेच पान मोजलं नव्हतं. सहा वाजले होते. रखवालदार किल्ल्या घेऊन दारात उभा होता आणि पुढे रविवार नव्हता.

"लिहा मेस्त्रींचं नाव," पोस्टमन म्हणाला. "माझी हरकत नाही."

"दिलेलं नको रे," मेस्त्री म्हणाले.

फळीवर त्या सालापुढची जागा कोरी राहिली.

पुढच्या वर्षी अण्णांनी हातापाया पडून तिसरा रविवार मिळवला. तक्त्यात पंधरावा सामना आधी लिहिला आणि मेस्त्रींकडे घेऊन गेले. मेस्त्रींनी तो नीट वाचला. कागद त्यांच्या हातात सारखा फडफडत होता.

"यंदा चुकला नाहीस," ते म्हणाले. "पण माझं नाव खोड, अण्णा."

अण्णांनी पेन्सिल काढली. बराच वेळ त्यांना ती टेकवता येईना.