अकरा पानांची यादी

एका घरी माफी मागून परतताना शिगेनो आणि मित्सुए जपानमधल्या ओनोमिची गावच्या टेकडीवरून निम्म्या पायऱ्या उतरल्या होत्या. माफी मागावी लागली ती एका यादीमुळे. ती टाइप केली होती मित्सुएनंच.

माणूस गेल्यावर मागे राहिलेलं घर शिगेनो आवरून देते. चौदा वर्षं एकटीनं. महिन्याला सहा घरं झाली की सातव्याला नाही म्हणायची. यंदा एका अंत्यविधीवाल्या कंपनीनं महिन्याला पंधरा घरं देऊ केली. अट एकच, ती स्वतः नसली तरी काम तसंच व्हायला हवं. उत्तर शुक्रवारी द्यायचं होतं. म्हणून निवृत्त कारकून असलेल्या मित्सुएला हाताशी धरून तिनं कामाचे तीन प्रकार पाडले, तिकडच्या खानावळीत लहान, मधल्या, मोठ्या ताटांना देतात ती झाडांची नावं देऊन: आलुबुखार म्हणजे एक खोली, बांबू म्हणजे दोन-तीन, पाइन म्हणजे अख्खं घर. प्रत्येकाला माणसं, दिवस आणि दर ठरलेले, आणि सोबत खुणा करायची यादी.

पहिलं बांबूचं काम नव्यानं हाताखाली घेतलेल्या कावादाबाईनं जोडीदारणीला घेऊन शिगेनोशिवाय केलं. एकही चौकोन खुणेविना राहिला नाही. कागदपत्रं निळ्या पेटीत गेली, देव्हारा भिक्षूनं मंत्र म्हटल्यावरच हलवला. आणि 'उघडं, आंबलेलं अन्न फेकणे' या ओळीप्रमाणे तांदळाच्या कोंड्यातल्या लोणच्याचं मडकंही गेलं. त्या घरच्या मुलीच्या आजीनं तिच्या आईला दिलेलं, रोज हातानं ढवळलं तरच टिकणारं, एक्केचाळीस वर्षं तसं जपलेलं.

त्या घरची मुलगी ओरडली नाही. आज दोघींनी माफीसोबत नेलेला मिठाईचा डबा दोन्ही हातांनी घेत एवढंच म्हणाली, "आई गेल्यावर रोज मीच येऊन ढवळत होते."

वळणावर जिझोची, वाटसरूंच्या रक्षक देवाची, दगडी मूर्ती होती. मित्सुएनं हात जोडले. मागायचं काय, तेच सुचेना.

"कावादाच्या घरी पण आहे तसलं मडकं," शिगेनो म्हणाली. "म्हणते, हात अडखळला होता, पण यादीत फेका लिहिलंय ना."

"मग एक ओळ वाढवू."

"अशाच वाढवत तीन पानांची अकरा झाली, बाई. वाचतंय कोण?"

"तू काय करायचीस मडक्याचं?"

"बाहेर सावलीत ठेवायचे. घरच्यांना विचारायचे."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"मी तसं करते, हे मलाच कुठं ठाऊक होतं?"

मित्सुए गोंधळली. चूक यादीची, की यादीचं ऐकणारीची, की लिहिणारीची? तिनं सुचवलं की अकरा पानं पुन्हा तीनवर आणावीत आणि वर एकच ओळ लिहावी: हात अडखळेल ती वस्तू दारातल्या टोपलीत, आधी घरच्यांना विचारणे. शिगेनोला ते पटलं, पण पुढच्याच पायरीवर ती थांबली. पुढे कामाला येणाऱ्या नव्या बाईचा हात अडखळेलच कशावरून? 

खाली रस्ता दिसू लागला तेव्हा शिगेनोनं मित्सुएची बाही धरली.

"उद्या माझ्याबरोबर एका घरी ये. मला काही विचारू नकोस, विचारलंस की मी अर्धंच सांगते, उरलेलं हातालाच ठाऊक असतं. दारात उभी राहा, आणि माझा हात जिथं थांबेल तेवढंच लिही."