आहेराची ओळ

मुलीच्या लग्नाची पत्रिका वर्ध्याच्या छापखान्यात अडकली होती ती एका ओळीपायी. आम्हाला आहेर नको होते, पण तसं सांगायचं कसं, तेच जमेना. 'आहेर आणू नये' ही ताकीद वाटत होती. 'आहेर स्वीकारला जाणार नाही' तर सरकारी खिडकीवरची पाटीच. 'आपली उपस्थिती हाच आहेर' सगळेच छापतात आणि लोक पाकीट घेऊन येतातच. मी खुर्चीवरून उठायचो, दारापर्यंत जाऊन परत यायचो. कंप्युटरवरचा माणूस वैतागला होता.

शेवटी सुचलं: 'आहेर आणू नका, पण जेवल्याशिवाय जाऊ नका.' ओळ लांब झाली. खालच्या नावांच्या दोन ओळी उडवून जागा केली आणि नमुना मोबाइलवरून नातेवाइकांना पाठवला.

घरी पोचतो तोच वडनेरहून माझ्या मेव्हण्याचा, म्हणजे नवरीच्या मामाचा, फोन आला. पिवळी साडी मामाकडची असते. त्याने ती घेऊनही ठेवली होती.

"भाऊजी, म्हंजे मी बी नुसता जेवूनच जाऊ काय?"

बायकोने फोन हिसकावला. "अरे, ते पाहुण्यायसाठी लिवलं हाये. तू काय पाहुणा हाये?"

तिकडून तो म्हणाला, "तेच मले समजून नाई राह्यलं, बाई. पत्रिकेत निमंत्रक म्हणून मामाचं नाव कुठीच नाई."